दगडातून पोकळी वजा करू नका

प्रश्न : ओढ्याच्या वळणावर २४ मीटर काठ ढासळतोय. तळापासून उंची अडीच मीटर. गॅबियनच्या किती पेट्या लागतील आणि पोकळी धरून दगड किती मागवू?

‘पोकळी धरून’ हे शब्द वाचले आणि मला माझे साडू आठवले.

आधी गॅबियनच्या, म्हणजे दगड भरायच्या तारेच्या जाळीच्या, पेट्या मोजून टाकू. पाया ओढ्याच्या तळाखाली निदान अर्धा मीटर उतरवाच, म्हणजे एकूण उंची ३ मीटर, एकेक मीटरचे तीन थर. दोन्ही टोकं काठात २-२ मीटर आत घुसवा, नाहीतर पाणी टोकाला वळसा घालून भिंतीच्या मागे शिरतं. लांबी झाली २८ मीटर. खालचा थर २ मीटर रुंद, म्हणजे २×१×१ च्या पेट्या आडव्या : २८. मधला दीड मीटर रुंद, १.५×१×१ च्या २८. वरचा एक मीटर, २×१×१ च्या पेट्या लांबीत ठेवून १४. एकूण ७० पेट्या, आणि त्यांचं आकारमान ५६ + ४२ + २८ = १२६ घनमीटर.

आता दगड. माझी भिंत तुमच्यापेक्षा लहान होती : १० मीटर लांब, खाली २ मीटर आणि वर १ मीटर रुंदीचा थर, मिळून ३० घनमीटर. मी ३५ घनमीटर मागवणार होतो. साडूंनी माझ्याच वहीत हिशेब केला, ‘पेटीत ३५ टक्के पोकळी असते, म्हणजे दगड ६५ टक्केच. साडेएकोणीस. तू २० मागव.’ ते शिकलेले, मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या थराची नववी पेटी अर्धी भरली आणि ढीग संपला. थरच पुरा झाला नाही, वरचा तर लांबच. पावसाळा तोंडावर, नवी गाडी मिळेना. मग आम्ही ओढ्यातलेच गोटे गोळा करून टाकले, बरेचसे मुठीपेक्षा लहान. पहिल्या पुरानंतर जाऊन पाहतो तर त्या पेट्यांचं झाकण हाताने दाबलं की वीतभर खाली जात होतं, आणि समोरच्या जाळीला पोट सुटलेलं. गोटे जाळीतून गळून गेले होते. बाकीच्या आठ पेट्या जशाच्या तशा.

चूक साधी होती. पोकळी पेटीत असते तशी गाडीतल्या ढिगातही असते, उलट जास्तच. हाताने नीट रचलेल्या पेटीत ३५ टक्के धरली, तर नुसत्या ओतलेल्या ढिगात साधारण ४५. पेटीच्या एका घनमीटरला ०.६५ घनमीटर भरीव दगड हवा आणि ढिगाच्या घनमीटरमध्ये असतो ०.५५. भागाकार करा : १.१८. म्हणजे तुमच्या १२६ ला सुमारे १५० घनमीटर ढीग, ब्रासमध्ये ५३. ६५ टक्क्यांचा गुणाकार फक्त वजनाने घेताना करायचा : दगडाची घनता गुणिले ०.६५. घट्ट, जड दगड असेल तर घनमीटरला १.७ ते १.८ टन येतात, तुम्हाला सव्वादोनशे टनांच्या आसपास. साडू अजूनही म्हणतात की गाडीच कमी भरून आली होती. असेलही थोडी, पण पेट्यांचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग रिकामा राहण्याइतकी नाही.

दगड १० ते २० सेंटीमीटरचा, न झिजणारा घ्या. ८×१० च्या जाळीतून त्याहून बारीक माल गळतो, म्हणून ढिगातला चुरा वगळून मोजा. पेटी एका दमात भरू नका. तिसरा हिस्सा भरला की समोरची आणि मागची जाळी आतून तारेने ओढून बांधा, दोन तृतीयांशावर पुन्हा. समोरचे दगड हाताने लावा. झाकण बांधायच्या आधी दगड काठाच्या दोन-तीन सेंटीमीटर वर दिसला पाहिजे, तो पुढे बसतोच.

भिंतीमागे जिओटेक्स्टाइल टाका, नाहीतर दगडांच्या फटींतून मातीच वाहून जाईल आणि वरची जमीन खचेल. वळण आहे म्हणता, तर पायापुढे ३० सेंटीमीटर जाडीची जाळीची गादीही लागेल. तिची रुंदी पुराच्या पाण्याने तळ किती खोल खणला जातो त्यावर ठरते, साधारण त्या खोलीच्या दीड ते दोन पट. तिचा दगड वरच्या १५० मध्ये धरलेला नाही.

आणि हो, हे रुंदीचे आकडे मागे साधी, निचरा होणारी माती आहे असं धरून दिलेत. मागे ओली चिकणमाती, रस्ता किंवा घर असेल तर स्थिरतेचा हिशेब जाणकाराकडून करून घ्या. मात्र त्यांनीही ढिगाला ०.६५ ने गुणलं, तर वही परत मागून घ्या.