बचत खात्यात ७ लाख ४० हजार असताना व्याज ७,५८९ रुपयेच कसं?

"निपाणीच्या शाखेत माझं बचत खातं आहे. १ जुलैपासून ७,४०,००० होते, २० ऑगस्टला ३ लाख काढले. दरपत्रकात १ लाखापर्यंत ३%, १ ते ५ लाख ५%, ५ लाखांवर ६.५% असं लिहिलंय. सप्टेंबरअखेरचं व्याज माझ्या हिशेबानं ९,१२० व्हायला हवं, जमा झालं ७,५८९. बँकेनं फसवलं का?"

नाही. तुमचा गुणाकार चुकलेला नाही, फक्त दर लावायची पद्धत चुकलीय. तुम्ही आधी सगळ्या ७,४०,००० ला ६.५% आणि पैसे काढल्यावर उरलेल्या सगळ्या ४,४०,००० ला ५% लावलेत. बँकेनं प्रत्येक टप्प्यातल्या रकमेला त्या टप्प्याचाच दर लावला आहे. ५ लाखांच्या वर गेलात म्हणून खालच्या पैशाला बढती मिळत नाही.

आधी वर्षाचा आकडा काढा. पहिल्या १ लाखाचे ३ टक्क्यांनी ३,०००. पुढच्या ४ लाखांचे ५ टक्क्यांनी २०,०००. उरलेल्या २,४०,००० चे ६.५ टक्क्यांनी १५,६००. एकूण ३८,६०० म्हणजे दिवसाला १०५.७५ रुपये. पूर्ण रकमेवर हा दर साधारण ५.२२ टक्के पडतो. ठळक अक्षरातला ६.५ फक्त वरच्या थराचा.

२० ऑगस्टला ३ लाख गेले आणि ४,४०,००० उरले. आता तिसरा टप्पा रिकामा. ३,००० आणि ३,४०,००० चे १७,००० धरून वर्षाचे २०,०००, दिवसाला ५४.७९. बचत खात्याचं व्याज २०१० च्या एप्रिलपासून रोजच्या शिल्लकीवर निघतं आणि शिल्लक धरतात ती दिवस संपतानाची. म्हणून पैसे सकाळी काढा की संध्याकाळी, २० तारीख कमी शिल्लकीतच मोजली जाणार. १ जुलै ते १९ ऑगस्ट हे ५० दिवस झाले, त्याचे ५,२८७.६७. २० ऑगस्ट ते ३० सप्टेंबर ४२ दिवस, त्याचे २,३०१.३७. बेरीज ७,५८९.०४. बँकेचा आकडा रुपयापर्यंत जुळतोय, मग कारकुनाशी भांडू नका.

तिमाहीची सरासरी काढून तिला टप्पे लावायचा शॉर्टकट काहीजण सुचवतील. इथे सरासरी ६,०३,०४३ येते आणि व्याज ७,४८५, म्हणजे शंभराहून जास्त रुपये कमी. रक्कम टप्प्याची सीमा ओलांडून खाली गेली की सरासरीचा हिशेब फसतो. प्रत्येक शिल्लक किती दिवस राहिली तेवढंच मोजा.

काही बँका खरंच पूर्ण शिल्लकीला एकच वरचा दर देतात. तुमचे ९,१२० तिथे बरोबर ठरले असते. पण त्या पद्धतीत ५ लाखांच्या जरा खाली घसरलात की सगळ्या रकमेचा दर पडतो. कोणती पद्धत आहे हे दरपत्रकाच्या तळटीपेत असतं. आमच्या भागात ते पत्रक कन्नड आणि इंग्रजीतच लागतं, म्हणून कोणी वाचत नाही आणि मग "मराठी माणसाला फसवलं" सुरू होतं. भाषेची तक्रार रास्त आहे, पण ती व्याजाच्या हिशेबात मिसळू नका. पत्रकावरची तारीखही पाहा. बचतीचा दर मुदत ठेवीसारखा बांधलेला नसतो, तिमाहीच्या मध्येच बदलू शकतो.

आता तुम्ही विचारलं नाही ते. आमच्या खानापूरच्या मेहुण्याचं म्हणणं, पैसे दोन खात्यांत वाटले की व्याज जास्त. गेली कित्येक वर्षं हेच ऐकतोय, तर त्याचाही हिशेब इथेच लिहून ठेवतो. ७,४०,००० चे दोन भाग केले की प्रत्येकी ३,७०,०००. एका खात्याचे ३,००० आणि २,७०,००० चे १३,५००, म्हणजे १६,५००. दोन्हींचे मिळून ३३,०००. एकाच खात्यात ३८,६०० मिळत होते. वर्षाला ५,६०० गेले, कारण ३ टक्क्यांचा टप्पा दोनदा भरावा लागला आणि ६.५ टक्क्यांपर्यंत कुठलंच खातं पोचलं नाही.

एक मात्र मेहुण्याच्या बाजूनं सांगायला हवं. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे, मुद्दल आणि व्याज धरून. ७,४०,००० एकट्याच्या नावावर असतील तर वरचे २,४०,००० उघडे राहतात. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत स्वतःच्याच नावानं खातं काढून ते झाकले जात नाहीत. बायकोच्या एकटीच्या नावावर किंवा दुसऱ्या बँकेत ठेवलेत तर जातात. ५,६०० ही त्या सुरक्षेची किंमत समजा. पण जास्त दराला भुलून पैसे सौहार्द सहकारी सोसायटीत नेणार असाल तर तिथे हा विमाच लागू नाही.