हरिपाठ, तेरावा अध्याय आणि वडिलांची खोली

प्रश्न: मी नोकरी करतो, दोन लेकरं आहेत, घरात आजारी सासूबाई आहेत. दिवसात जेमतेम अर्धा-पाऊण तास माझा असतो. भक्तिमार्ग धरावा की ज्ञानमार्ग? दोन्हींची सांगड संसारी माणसाला घालता येते का?

सासूबाईंचा उल्लेख वाचला म्हणून लिहायला बसलो, नाहीतर या विषयावर मी बोलायचं टाळतो.

माझं गंगाखेडला कृषी सेवा केंद्र आहे. घरात माळ आजोबांपासून. आषाढी वारी नेमकी पेरणीच्या दिवसांत येते आणि तेव्हा दुकान सोडता येत नाही. त्यामुळे माझी भक्ती म्हणजे घरचा हरिपाठ, एकादशी आणि गावातला सप्ताह. थोरला भाऊ संभाजीनगरला प्राध्यापक होता. त्याने वेदान्ताचा चांगला अभ्यास केला, संस्कृत येतं, उपनिषदं मुळातून वाचलेली. त्याच्या मते माझा हरिपाठ म्हणजे बालवाडी. "नाव घेत बसतोस, पण नाव घेणारा कोण ते कधी विचारलंस का?" असं तो सणावाराला जमलो की हमखास विचारायचा. मला उत्तर येत नव्हतं आणि ते मला फार लागायचं.

मग वडिलांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तीन वर्षं ते खाटेवर होते. दादा दोन-तीन महिन्यांनी यायचा, खाटेपाशी बसायचा आणि मला सांगायचा, "देहाचे भोग आहेत, साक्षीभावाने बघ." मी कूस बदलायला, अंग पुसायला मदत मागितली की त्याची गाडीची वेळ झालेली असायची. याच काळात मोंढ्याजवळच्या प्लॉटच्या वाटणीचा कागद करायचा होता. त्या दिवशी मात्र जग मिथ्या नव्हतं. एकेक फूट मोजून घेतला. हे मी रागानं लिहितोय, मान्य आहे. पण ज्ञान कुठं नासतं ते मला इथं दिसलं. जे काम नको असतं तेवढंच मिथ्या ठरतं आणि ज्यात आपला वाटा आहे ते खरं राहतं. अशा माणसाची उपनिषदं पाठ असली तरी फरक पडत नाही.

आता माझी बाजू. एका संध्याकाळी हरिपाठ चालू होता. वडिलांनी अंथरूण खराब केलं, वास आला, मला कळलं. मी डोळे मिटून अभंग पुढं चालू ठेवला. मनात हेच की नेम मोडायचा नाही. आईची दोन्ही मनगटं संधिवातानं सुजलेली होती. तिनं एकटीनं त्यांना कुशीवर घेतलं, चादर ओढून काढली. हरिपाठ झाल्यावर मी गेलो तर म्हणाली, "आधी त्यांचं आवरायचं होतं की रे. पांडुरंग पुंडलिकाच्या दारात इटेवर उभा ऱ्हायला, तुझ्यासाठी घटकाभर थांबला नसता का?"

आईला अक्षर ओळख नव्हती. पंढरीची सगळी कथाच आई-बापाच्या सेवेत गुंतलेल्या मुलासाठी देव थांबला यावर उभी आहे, हे मला तिनं त्या चादरीपाशी सांगितलं. मी रोज "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी" म्हणत होतो आणि देव कुणाच्या दारात उभा राहिला ते विसरलो होतो. भक्ती नासते ती अशी. नेमाचा अभिमान होतो, आणि घरातल्यांची हाक ही अडचण वाटायला लागते.

त्यानंतर मी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय हातात घेतला, खरं सांगायचं तर दादाला उत्तर द्यायला. मला वाटलं होतं की ज्ञान म्हणजे आत्मा-अनात्मा, क्षेत्र-क्षेत्रज्ञ असलं काही असेल. ते आहेच. पण गीतेत कृष्ण "हे ज्ञान" म्हणून जे मोजून दाखवतो ती माणसाच्या वागण्याची यादी आहे. सातव्या ते अकराव्या श्लोकापर्यंत वीस लक्षणं आहेत. मान नको असणं, दंभ नसणं, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरुसेवा, शुचिता अशी ती चालू होतात. काही प्रतींत या अध्यायाला आरंभी अर्जुनाचा एक श्लोक जास्त असतो, तिथं आकडे एकानं पुढं सरकतात.

या पाच श्लोकांवर माउली थांबतात ते शेकडो ओव्या. पहिल्याच लक्षणाला म्हणतात, "पूज्यता डोळां न देखावी, स्वकीर्ति कानीं नायकावी." ज्ञानी माणूस आपला मोठेपणा लोकांना दिसू नये म्हणून वेडेपणात दडतो, असंही सांगतात. पुढं जन्म, मृत्यू, म्हातारपण, आजार यांतलं दुःख आधीच पाहून ठेवणं हे लक्षण येतं. तिथं तरुण माणूस स्वतःचं म्हातारपण समोर आणून बघतो. कमळाच्या पाकळ्यांशी भांडणारे हे डोळे उद्या पिकल्या पडवळासारखे होतील, असं तो स्वतःला सांगतो. ही ओवी मी वडिलांच्या खाटेशी वाचली. त्यांचा उजवा डोळा तसाच ओघळलेला होता. मी तोवर त्यांच्याकडे काम म्हणून बघत होतो. त्या दिवशी मी माझ्याच उद्याच्या तोंडाकडे बघितलं आणि अंग पुसताना माझा हात हळू झाला. साक्षीभाव म्हणजे काय हे मला एवढंच कळलं आहे, आणि त्यात खाटेपासून लांब जाणं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच अध्यायात आहे. घराबद्दल तिथं असक्ती सांगितली आहे, म्हणजे बायको-पोरं-घर यांत चिकटून न राहणं. संसारी माणूस इथं दचकतो. माउली दाखला देतात तो वाटसरूचा. वाटेत झाडाची सावली लागली, तिच्यावर असते तेवढीसुद्धा आस्था घरावर नाही. सावलीत बसलेला माणूस झाड तोडत नाही, सावलीला शिव्या देत नाही, आणि ती आपल्या नावावरही करून घेत नाही. घर सोडा असं त्यात कुठं नाही.

मी काय करतो ते सांगतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी तेराव्यातल्या पाच ओव्या. आधी मूळ ओवी मोठ्यानं दोनदा वाचायची आणि मगच खालचा अर्थ बघायचा, नाहीतर डोळा सरळ अर्थावर जातो आणि ओवी कानात राहत नाही. अध्यायात 1170 ओव्या आहेत, पाचच्या हिशोबानं आठ महिने लागतात. पंधरा मिनिटांचं काम. संध्याकाळी घरच्यांसोबत ज्ञानदेवांचा हरिपाठ, चालीत म्हटला तर अर्धा तास. एवढा वेळ नसेल त्या दिवशी पाच अभंग म्हणा, पण लेकरांना सोबत बसवा. झोपताना सकाळचं लक्षण दिवसाला लावून बघायचं. आज क्षमा वाचली, मग उधारी बुडवलेला शेतकरी दारात आला तेव्हा मी काय बोललो? आजवरचा अनुभव असा की सकाळचं वाचन दिवसभर टिकत नाही, संध्याकाळच्या नामाशिवाय ते कोरडं पडतं. आणि नुसतं नाम घेतलं की मी सुखावतो, पण चूक दिसत नाही. दोन्हींची गाठ माझ्या घरात एवढ्यापुरती पडली आहे.

सात दिवसांच्या पारायणाबद्दल माझं मत सप्ताहातल्या मंडळींना आवडत नाही. नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. त्या वेगात कानावर नाद पडतो, तो गोडच असतो, मीही बसतो. पण त्याला ज्ञानेश्वरी वाचली असं म्हणू नका.

दोन्हींची गरज आपल्या मराठवाड्यातच दाखवलेली आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून मडकं पक्कं की कच्चं ते पाहिलं, अशी कथा आहे. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. ज्यांच्याशी विठ्ठल बोलतो म्हणायचे, ते कच्चे. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले तर ते म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना ज्ञान झालं ते तिथं. पण त्यांनी पुढं कीर्तन सोडलं नाही. ते नाम पंजाबपर्यंत गेलं आणि त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ज्ञानानं त्यांच्या भक्तीतला फक्त "माझा देव" हा हट्ट काढला.

संन्यास घेऊन, गुरूपाशी राहून विचार करण्याचा जो कडक ज्ञानमार्ग आहे, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या मागे लागणाऱ्यांना क्लेश जास्त असं म्हटलंय, ती वाट खोटी असं म्हटलेलं नाही. आणि आजाऱ्याची सेवा करताना तुम्ही स्वतः मोडून पडत असाल, रात्र-रात्र जागत असाल, तर महिनाभर ओव्या-बिव्या बाजूला ठेवा, झोप घ्या, जमलं तर मदतीला बाई लावा. नाम भांडी घासतानाही घेता येतं. वाचनाची जागा मात्र सासूबाईंची खोली ठेवा. मोठ्यानं वाचा, त्यांनाही ऐकू जाईल. वडिलांना बोलता येत नव्हतं, पण ओवी चुकली की डाव्या हातानं खाटेच्या माच्यावर टकटक करायचे.

वडील गेल्यानंतर सुतकाच्या दिवसांत दादानं मला सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं होतं, "भक्ती ज्ञानाच्या तोडीची आहे याला शास्त्रात आधार काय? श्लोक दाखव." तेव्हा माझी मान खाली गेली. आम्ही त्यानंतर नीट बोललेलो नाही. तो श्लोक तेराव्याचा दहावा आहे, "मयि चानन्ययोगेन भक्तिरव्यभिचारिणी." वीस लक्षणांत सोळावं. कृष्णानं भक्तीला ज्ञानाच्या तोडीला बसवलेलंच नाही. तिला ज्ञानाच्या आतच मोजलंय.