पैसे कधी भरले नव्हे, कधी जमा झाले ते बघा

क्रेडिट कार्डाचं बिल भरायची तुमची शेवटची तारीख सोमवार, १ मे आहे असं धरा. शनिवारी संध्याकाळी तुम्ही दादरच्या शाखेबाहेरच्या पेटीत चेक टाकलात. रविवारी बँक बंद, सोमवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. चेक उचलला जाणार मंगळवारी, आणि कार्डाच्या खात्यावर जमेची तारीख पडणार २ मे किंवा ३ मे. चेकवर शनिवारची तारीख असून काही उपयोग नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकबाकी ३ दिवसांहून जास्त झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही. पण ही सवलत व्याजाला नाही, आणि नवे लोक नेमके इथेच फसतात. पूर्ण बिल मुदतीत जमा झालं नाही, तर बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागू शकतं.

एनईएफटी २०१९च्या डिसेंबरपासून सुट्टीतही चालते, म्हणून तीच वापरा. बाहेरच्या ॲपवरून भरताना मात्र दोन-तीन कामकाजाचे दिवस हाताशी ठेवा. तिथे 'यशस्वी' दिसलं तरी कार्डावर रक्कम नंतर चढू शकते. पैसे पाठवल्यावर त्या व्यवहाराचा जो यूटीआर नंबर मिळतो तो जपून ठेवा आणि पुढच्या स्टेटमेंटमधली जमेची तारीख त्याच्याशी ताडून बघा.