थालीपिठाच्या कॅलरी मोजायच्या तर आधी तेलाची किटली काट्यावर ठेवा

प्रश्न: एका ॲपमध्ये एक थालीपीठ 120 कॅलरी, दुसऱ्यात 300. खरं काय मानायचं?

दोन्ही खरं असू शकतं, कारण त्या ॲपला तुमचं थालीपीठ केवढं आणि तेल किती हे कुठे माहितीये? त्यापेक्षा एकदा स्वतः मोजा, नंतर महिनाभर डोक्याला ताप नाही. मी गेल्या आठवड्यात मोजलं ते सांगते. भाजणी 200 ग्रॅम, कांदा 100, कोथिंबीर 20, तिखट-मीठ, आणि भिजवायला पाणी साधारण 160. एवढ्या गोळ्यात (तेल सोडून) सगळं मिळून सुमारे 735 कॅलरी होतात, त्यातल्या 690 एकट्या भाजणीच्या. आता तेल. चमच्याने मोजायचा नाद सोडा, आपण थालीपिठाच्या कडेने आणि मधल्या भोकांतून सोडतो ते चमच्यात कधी मावत नाही. मी किटली आधी काट्यावर ठेवली, 412 ग्रॅम, पाच थालीपिठं झाल्यावर 374. म्हणजे 38 ग्रॅम तेल गेलं, एका ग्रॅमला 9 कॅलरी, झाल्या 342. बेरीज 1077, भागिले पाच, एका थालीपिठाला साधारण 215 कॅलरी. प्रोटीन 5 ग्रॅम, कार्ब 28, फॅट 9. यातल्या 68 कॅलरी नुसत्या तेलाच्या आहेत, आणि मला वाटत होतं मी तेल कमी घालते!

प्रश्न: आमच्याकडे नवऱ्याचं मोठं, माझं छोटं, मुलांचं त्याहून छोटं. मग प्रत्येकाचं कसं काढू?

थापायच्या आधी गोळा तोला, भाजल्यावर नको. भाजताना वाफ किती गेली ते जाडीवर अवलंबून असतं, जाड थालीपिठात पाणी राहतं, पातळ कुरकुरीत होऊन हलकं होतं, पण पीठ तेवढंच असतं ना. वरच्या हिशोबात भिजवलेला गोळा 480 ग्रॅम भरला, पाचाने भागला की 96. नवऱ्याचा गोळा 120 चा असेल तर पिठाच्या कॅलरी सव्वापट, 147 ऐवजी 184. तेल मात्र तव्यावर कसं सोडता त्यावर आहे, ते वेगळं धरा.

प्रश्न: कोबी, दुधी भरपूर घातला की कॅलरी कमी होतात का?

होतात, पण फक्त नग वाढले तर. 200 ग्रॅम कोबी घातला तर गोळ्यात जेमतेम 50 कॅलरी वाढतात, आणि पाचाऐवजी सहा थालीपिठं झाली की तेल सोडून एकाला 147 च्या जागी 131. पाचच केलीत तर उलट 10 वाढल्या, फायदा एवढाच की पोट जास्त भरतं. खरी गंमत पुढे आहे. मीठ लागलं की कोबी आणि दुधी पाणी सोडतात, पीठ सैल होतं, थापताना प्लास्टिकला चिकटतं, मग आपण न मोजता आणखी मूठभर भाजणी घालतो. ती मूठ 30 ग्रॅमची असली तर 100 कॅलरी, म्हणजे कोबीच्या दुप्पट, आणि हिशोबात ती कुठेच नाही. म्हणून किसून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवा, लागलं तरच वरून पाणी घाला.

प्रश्न: डब्याला थेपला बरा की थालीपीठ? थेपला हलका वाटतो.

हलका वाटतो कारण लहान असतो. कणिक 140 ग्रॅम, बेसन 30, बाजरी 30, मेथी 50, दही 50, मोहन एक मोठा चमचा आणि भाजायला 20 ग्रॅम तेल, यात 10 थेपले होतात. एकाला साधारण 105 कॅलरी, प्रोटीन 3, कार्ब 14, फॅट 4. दोन थेपले म्हणजे माझं एक थालीपीठ, फरक नावालाच! तेल मोहनात गेलं की दिसत नाही, म्हणून मोहन धरायचं राहून जातं, ते विसरू नका. आणि थेपले दोनवर कोण थांबतं हो.

प्रश्न: भाजणीत डाळी असतात, मग प्रोटीन एवढं कमी कसं?

डाळींचा वाटा बघा. ज्वारी, बाजरी, गहू यांत 100 ग्रॅमला साधारण 10-12 ग्रॅम प्रोटीन, तांदळात सातेक, हरभरा डाळीत 21, उडदात 24. बहुतेक भाजण्यांत डाळ पाव भागाच्या आसपास असते, म्हणून सगळं मिळून 12 च्या जवळ येतं. विकतची असेल तर पाकिटामागे प्रती 100 ग्रॅमचा आकडा असतो, तो धरा, मल्टिग्रेन हे नाव धरू नका. घरी दळता तर ज्वारी थोडी कमी करून हरभरा डाळ वाढवा, पण फार वाढवलीत तर थालीपीठ कोरडं पडून तडकतं. त्यापेक्षा 150 ग्रॅम दही सोबत घ्या, पाचेक ग्रॅम प्रोटीन तिथेच मिळतं. लोण्याचा गोळा हवाच असेल तर घ्या, पण तोही तोलून, छोटा चमचा म्हणजे पस्तीसेक कॅलरी.