विरलनाचे उत्तर मोल मोजून पडताळा
सुरुवातीला सूत्रापेक्षा एकच सवय लावून घ्या: उत्तर आले की विरलनाच्या आधीचे आणि नंतरचे मोल स्वतंत्रपणे काढा. समजा, २ मोलर मिठाच्या द्रावणाचे २५ मिलिलिटर घेऊन त्यात १०० मिलिलिटर पाणी घातले आणि तुमचे उत्तर ०.५ मोलर आले. आधीचे मोल ०.०२५ × २ = ०.०५ आहेत, नंतरचे एकूण आकारमान मात्र १२५ मिलिलिटर असल्याने ०.१२५ × ०.५ = ०.०६२५ मोल होतात. नुसत्या पाण्यातून मीठ येऊ शकत नाही, म्हणजे घातलेल्या पाण्यालाच तुम्ही अंतिम आकारमान मानले. ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. बरोबर उत्तर ०.४ मोलर. द्राव्याची अभिक्रिया होत असेल, तर ही पडताळणी लागू पडत नाही.