कोळशाचा ढीग मोजून टन काढताना

प्रश्न: ३१ मार्चच्या साठा मोजणीसाठी बॉयलरच्या कोळशाचा ढीग टेपने मोजला. पाया ३० × १४ मीटर, सपाट माथा २२ × ६, उंची ३. पाया आणि माथ्याच्या क्षेत्रफळाची सरासरी काढून उंचीने गुणलं, ८२८ घनमीटर आले. डबा भरून वजन केलं तर घनमीटरला ०.८२ टन पडतो, म्हणजे ६७९ टन. वहीत ७१० आहेत. ३१ टन कमी का दिसतात?

उत्तर:

तुमच्या हिशेबात दोन चुका आहेत आणि त्या उलट दिशेच्या आहेत, म्हणून उत्तर वहीच्या जवळपास तरी आलं. त्यातली नुसती आकारमानाची सुधारलीत तर फरक आणखी वाढेल.

आधी आकारमान. चारही बाजूंनी उतार असलेल्या ढिगाला दोन क्षेत्रफळांची सरासरी चालत नाही, ती नेहमी जास्तच देते. निम्म्या उंचीवरचा छेद घ्या. तुमच्या ढिगात तो २६ × १०, म्हणजे २६० चौरस मीटर. पाया ४२०, माथा १३२ आणि मधल्याची चौपट १०४०, बेरीज १५९२. तिला उंचीने गुणून ६ ने भागलं की ७९६ घनमीटर येतात. म्हणजे ३२ घनमीटर तुम्ही जास्त धरले होते.

हे ७९६ बरोबर येण्यासाठी उंची नीट हवी. ३ मीटरमध्ये १० सेंटिमीटर चुकले तर तीन टक्क्यांहून जास्त फरक पडतो. नुसता टेप उतारावर टाकून उंची काढू नका. माथ्यावर आणि जमिनीवर चार-पाच ठिकाणी लेव्हल पाइपने किंवा डंपी लेव्हलने पातळी घ्या, कारण यार्डाची जमीन क्वचितच सपाट असते. पायाची कडही उतार जमिनीला जिथे मिळतो तिथे धरा. त्यापुढे पसरलेला चुऱ्याचा पातळ थर त्यात धरू नका.

खरा घोळ घनतेत आहे. ०.८२ ने गुणलं तर ७९६ घनमीटरचे ६५३ टनच होतात, म्हणजे तूट ५७ टनांवर जाते. डब्यात फावड्याने टाकलेला कोळसा सैल पडतो, तर ढिगातला लोडरच्या फेऱ्यांनी आणि स्वतःच्या भाराने दबलेला असतो. शिवाय ढीग ओतताना मोठे गोटे घरंगळून पायथ्याशी जातात आणि चुरा आत राहतो. डब्याचा नमुना बहुतेक वेळा हाताला लागतो तिथून, पायथ्यावरून, घेतला जातो. त्यात पोकळी जास्त, म्हणून घनता कमी दिसते.

यावर उपाय असा, की बॉयलरला जाणारच असलेला कोळसा वजनकाट्यावरून न्या. ढिगाचं एक टोक माथ्यापासून पायापर्यंत पूर्ण उंचीने कापा, मधूनमधून ओरबाडू नका. कापलेला उतार लोडरने आधीच्याच कोनात आणा आणि घसरून पडलेला सैल कोळसाही उचलून काट्यावर न्या. मग ढिगाची लांबी किती कमी झाली ते माथा आणि पाया दोन्हीकडे मोजा. तुमच्या ढिगाचा मधला आडवा छेद ३० चौरस मीटर आहे, म्हणून ४ मीटर लांबी गेली तर १२० घनमीटर गेले. समजा काट्यावर तेवढ्याचे १०५.६ टन भरले. घनता ०.८८ निघाली आणि मूळ ढीग ७०० टनांचा ठरला. एक-दोन मीटरवर थांबू नका, कारण लांबीतली १० सेंटिमीटरची चूक २ मीटरवर पाच टक्के होते, ४ मीटरवर अडीच.

आता ओलावा. वहीतलं वजन गाडी आली त्या दिवसाच्या ओलाव्यासह आहे. कोळसा १२ टक्के ओलाव्याने आला आणि आज ढिगात १० टक्के असेल, तर ७०० ला ९० ने गुणून ८८ ने भागा. आवकेच्या वजनात ते ७१६ टन होतात. ओलाव्याचा नमुना वरच्या सुकलेल्या कवचातून घेऊ नका, कापलेल्या उतारावर आतून घ्या.

मोजमापाचे तीन टक्के आणि घनतेचे चार धरले, तरी अशा मोजणीत एकंदर पाचेक टक्क्यांची अनिश्चितता राहतेच. म्हणजे ७०० वर सुमारे ३५ टन इकडेतिकडे. तुमचे ३१ टन त्याच्या आतच होते, त्यावर वही बदलू नका. तूट दर मोजणीला एकाच बाजूला येत असेल तर मात्र काटा आणि आवक तपासा. जुना कोळसा जमिनीत रुतलेला असतो, त्यासाठी ढिगाच्या रिकाम्या जागी दोन-तीन खड्डे घेऊन थर पाहा. तो मातीमिश्रित असेल तर साठ्यात धरू नका.

हीच रीत वाळूला लावताना ओलाव्याकडे जास्त लक्ष द्या. चार-सहा टक्के ओली वाळू फुगून २०-३० टक्के जास्त जागा घेते, त्यामुळे ब्रासमध्ये मोजलेला ढीग सुकल्यावर कमी भरतो. भंगाराला मिश्र ढिगासाठी एकच घनता वापरू नका. पत्रा, जाड तुकडे, टर्निंग वेगळे करा आणि प्रत्येकाची एकेक गाडी काट्यावर घ्या.