रातची लाईन अन् दुसऱ्या दिवशीची भूक

"ताई, रातची लाईन असली का दुसऱ्या दिवशी मले नुसती खा खा सुटते. जेवलो तरी पोट भरल्यासारखं वाटत नाही. शुगर तं नसन ना झाली?"

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा. हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं आणि कृषिपंपाची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्याची शंका रास्त होती, सतत भूक लागणं हे शुगरचंही लक्षण आहे. पण तहान वाढली नव्हती, लघवीला वारंवार जावं लागत नव्हतं, वजन घटलं नव्हतं, उलट थोडं वाढलंच होतं. तरी उपाशीपोटी रक्त तपासून घ्यायला लावलं. रिपोर्ट नॉर्मल आला.

मग दोन्ही आठवड्यांतली झोप आणि खाणं वहीत लिहायला सांगितलं. दिवसाच्या लाईनीत सात तास झोप, दोन वेळचं जेवण, मधे चहा. रात्रीच्या लाईनीत तुषारचे पाईप बदलायला उठून उठून जेमतेम चार तास झोप, तीही तुकड्यातुकड्यांत. आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर आलूबोंडे, मग बिस्किटाचा पुडा, दुपारच्या जेवणानंतर पुन्हा चिवडा. भाजी-भाकरी तेवढीच, वाढलं होतं ते गोड, तळलेलं आणि खारं.

पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन रक्तात येतं आणि मेंदूला भूक कळते. शरीरातल्या चरबीतून येणारं लेप्टिन 'साठा आहे, पुरे' असं सांगतं. 2004 साली शिकागो विद्यापीठात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास अंथरुणात घालवलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त निघालं. भूक जवळपास पाव पटीने वाढली आणि ओढ सर्वांत जास्त होती गोड-खारट-पिठूळ पदार्थांची. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हार्मोनचे आकडे असे सरळ आले नाहीत, पण झोप तुटली की खाणं वाढतं हे बहुतेकांत दिसलं. मेंदूला चमचमीत खाण्याची ओढही अशा वेळी जास्त वाटते. म्हणून "मन आवरत नाही" याचा दोष मी त्याला लावू दिला नाही.

लाईनीची वेळ आपल्या हाती नाही. भावाशी बोलून एकाआड एक रात्र वाटून घेतली. वावरातून आल्यावर स्टँडवर न थांबता घरी भाकरी आणि घट्ट वरण, मग अंधाऱ्या खोलीत दीड तास झोप. वावरात खायला फुटाणे-शेंगदाणे. ज्या रात्री घरी झोपायचं, त्या दिवशी चारनंतर चहा बंद.

पुढच्या वहीत बिस्किटं जवळजवळ गेली, आलूबोंडे कमी झाले. भाऊ गावाला गेला आणि लागोपाठ रात्री जागाव्या लागल्या, तेव्हा भूक पुन्हा तशीच उसळली. दिवसाच्या लाईनीत पुरेशी झोप होऊनही ती तशीच राहिली, तर रक्त पुन्हा तपासायचं, असं त्याच्याशी ठरलं आहे.